मुळे नालीत: होय

माणिकबाईंचा दरबार रोज सकाळी कडुनिंबाखाली भरायचा. गुडघे गेल्यापासून त्यांचं जग फाटकापासून झाडाच्या बुंध्यापर्यंत उरलं होतं, पण तेवढ्या जगाचा कारभार त्या चोख पाहायच्या. शिवार्पण लेआउट या वसाहतीत उन्हाळ्यात गाडी उभी करण्याजोगी दाट सावली त्या एकाच झाडाची. त्यामुळे भाजीवाल्या, झाडूवाले, कुरडयावाली, चष्मा दुरुस्त करणारा असे सगळे तिथंच टेकत. माणिकबाईंचं माहेर माळ्याचं, सासरही माळ्याचं. आयुष्य वांगी आणि कोथिंबीर विकण्यात गेलेलं. आता विकायला काही नव्हतं म्हणून त्या घासाघीस करायच्या. घ्यायचं नसलं तरी करायच्या.

"इंदूबाई, हे वांगं हाय का वांग्याचा आजा?"

"घ्याचं नाई तं बोटं काहून लावून राह्यल्या, आजी?"

"घ्याचं असतं तं बोट लावलं असतं का? नाक लावलं असतं."

असा अर्धा तास जायचा. मग इंदूबाई हातगाडी ढकलत पुढे जायची आणि माणिकबाई दुपारच्या जेवणाला माणसासारख्या जेवायच्या. ज्या दिवशी इंदूबाई येत नसे त्या दिवशी त्या भात तसाच ठेवून द्यायच्या. हे त्यांच्या सुनेला, ज्योत्स्नाला, ठाऊक होतं. गव्हाणपूरच्या ज्युनिअर कॉलेजात ती भूगोल शिकवायची आणि घरी आल्यावर आधी ताटातला भात पाहायची.

गव्हाणपूर म्हणजे अमरावतीहून अकोल्याला जाताना एसटीत डुलकी लागली तर मागे पडणारं गाव. त्याला नगरपरिषद आहे. लेआउटला फाटक आहे, कमान आहे, कमानीवर नाव आहे. फक्त नालीला उतार नव्हता. म्हणजे होता, पण कुठल्या बाजूला, यावर मतभेद होते. पाऊस जोराचा झाला की पाणी ज्योत्स्नाच्या फाटकासमोर येऊन थांबायचं आणि मग विचार करून आत यायचं. मागच्या वर्षी नाली साफ करायला जेसीबी आला. त्यानं गाळासोबत पलीकडच्या गल्लीतल्या करंजाची मुळंही उपसली. करंज आठवडाभर उभा राहिला आणि मग एका मोटरसायकलवर झोपला.

त्या दिवशी ज्योत्स्नानं ठरवलं की याचं काहीतरी पद्धतशीर करायचं. झाड राहावं आणि पाणी जावं, एवढंच तिला हवं होतं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर दिसल्या तर कोणताही शहाणा माणूस झाड वाचवून नाली काढेल, असं तिचं मत झालं. भूगोल शिकवणाऱ्यांचा नकाशावर फार विश्वास असतो.

रहिवासी संघाचे अध्यक्ष किसनराव काळमेघ हे बँकेतून निवृत्त झालेले. संघाचं लेटरहेड त्यांच्याच कपाटात असे. कल्पना ऐकून ते खूश झाले, कारण वर्षभरात लेटरहेड वापरण्याचा प्रसंग आला नव्हता.

"पन मॅडम, मोबाइलवर सगळं दिसते ना आता? मंग मोजाचं काहून?"

ज्योत्स्नानं त्यांना त्यांचाच मोबाइल कडुनिंबाखाली धरून दाखवला. मोबाइलच्या मते कडुनिंब किसनरावांच्या न्हाणीघरात उगवलं होतं.

"झाडाखाली उपग्रह नीट दिसत नाहीत, काका. चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं. म्हणून जागा टेपनंच घ्यायची. विजेच्या खांबापासून किती आणि कंपाउंडच्या भिंतीपासून किती. खांबाला नंबर असतो, तो हलत नाही."

मग महिनाभर रविवारी सकाळी मोजणी चालली. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर, बुंध्याला सिमेंटचा गळफास आहे की नाही, खिळे, तारा, मुळं नालीत शिरली आहेत का, फोटो. नालीचं तसंच: रुंदी, खोली, झाकलेली की उघडी, काठी बुडवून गाळ किती, पाणी कुठं अडतं. उतार मोजायला गवंड्यांची पद्धत वापरली. लांब पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आतले बुडबुडे काढायचे, दोन माणसांनी दोन टोकं धरायची. दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर थांबतं. तिथून नालीच्या तळापर्यंत दोन्हीकडे मोजलं की कुठला तळ खाली आणि कुठला वर ते कळतं. अट एवढीच की दोन्ही तोंडांवरचे अंगठे काढलेले हवेत. किसनराव ओळखीचं कोणी दिसलं की नळीसकट हात वर करून नमस्कार करायचे आणि त्यांच्या टोकाचं पाणी त्यांच्या बाहीत जायचं.

तरी शेवटी आकडा आला. नाली जिथं हमरस्त्याखालच्या मोरीला मिळते तिथला तळ ज्योत्स्नाच्या फाटकासमोरच्या तळापेक्षा वीतभर उंच होता. म्हणजे लेआउटचं सगळं सांडपाणी पंधरा वर्षं इमानानं तिच्या घराकडे येत होतं.

"आई, सापडलं!" ज्योत्स्ना ओरडली. "नालीच उलटी बांधली आहे!"

माणिकबाई खुर्चीतून म्हणाल्या, "हे तं मले पायाले लागते दरसाल. नळी कायले लागते त्याच्यासाठी?"

ज्योत्स्नानं प्रस्ताव लिहिला. सहा पानं झाली. शिवार्पण लेआउट ही नमुना गल्ली, तिचा नकाशा आणि नोंदी सोबत जोडलेल्या. नगरपरिषदेनं संमती दिली तर याच पद्धतीनं सगळ्या शहराचा नकाशा रहिवासी करून देतील. माहिती कशी वाटून घ्यायची त्याचं वेगळं पान होतं. फाइल नगरपरिषदेच्या संगणकावर उघडेल अशा रूपात. प्रत्येक नोंदीपुढे मोजणाऱ्याचं नाव आणि तारीख. घरमालकांची नावं, फोन मात्र कुणालाही द्यायचे नाहीत. बदल्यात नगरपरिषदेनं तिची वृक्षगणना आणि जुन्या नाल्यांचे आराखडे द्यावेत. आणि शेवटी एक कलम: या माहितीवरून कोणतंही झाड किंवा नाली हात लावण्याजोगी ठरली तर आधी संघाशी बसून चर्चा करावी.

किसनरावांनी सगळं वाचलं, मान डोलावली आणि शेवटच्या कलमावर पेन्सिल ठेवली.

"हे काढा."

"का?"

"साहेबाले अट घालते का कोनी? मी चौतीस वर्षं पत्रव्यवहार केला, मॅडम. हे वाचलं की साहेब म्हनते, हा कोन लागून गेला? आन् पत्राले शेवट कोठी हाय तुमच्या?"

"'आपली विश्वासू' आहे ना."

"त्याच्या आधी." किसनराव हळहळले. एखाद्याच्या अंगावर सदरा नसावा तशा नजरेनं त्यांनी पानाकडे पाहिलं. मग कलम खोडून त्या जागी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'तरी याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी, ही नम्र विनंती.'

ज्योत्स्नाला ते खटकलं. पण लेटरहेड त्यांच्याकडे होतं, शिक्काही त्यांच्याकडेच होता, आणि पावसाळा जवळ येत होता.

नगरपरिषदेत आवक टेबलावर डोमाजी बसायचे. रोजचे एवढे कागद की प्रत्येक कागदाचा विषय आणि शेवटची ओळ, एवढंच वाचून ते तो कुठल्या पेटीत टाकायचा हे ठरवत. कोणत्याही कागदातला मधला मजकूर म्हणजे लिहिणाऱ्याची हौस, असा त्यांचा अनुभव होता आणि तो सहसा चुकत नसे.

"विषय काय? झाडं आन् नाल्या." त्यांनी पान उलटलं. "विनंती काय? कार्यवाही. बरं."

"हा प्रस्ताव आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "कार्यवाही नंतरची गोष्ट. आधी संमती, मग करार, मग..."

"प्रस्तावाची पेटी नाई ताई आपल्याकडे. प्रस्ताव वरून खाली येते. खालून वर अर्ज जाते." शिक्का पडला. "झाडाच्या अर्जात लावून देतो. लवकर हलते ते."

लवकर हललं, हे खोटं नव्हतं. पंधरवड्यात स्थापत्यचा कंत्राटी अभियंता अश्विन बोंडे स्वतः लेआउटमध्ये आला. हातात नकाशाची रंगीत प्रत, चेहऱ्यावर पोरगी पसंत पडल्यासारखा आनंद.

"मॅडम, असा डेटा मले आजवर कोनी देल्ला नाई. आमचं आमच्याजवळ काही नाई ना! जुने आराखडे वाळवीनं नेले. तुमच्या घेराच्या नोंदी, मुळाच्या नोंदी, सब एकदम फिट. दोन दिवसांत एस्टिमेट काढून देल्लं."

"कसलं एस्टिमेट?"

"काँक्रीट नालीचं. सरळ लाइन."

ज्योत्स्नानं त्याच्या हातातल्या नकाशावर मोरीपाशी बोट ठेवलं. "आणि उतार? मोरीकडचा तळ उंच आहे, पाहिलंत ना?"

"पायलं नं. बरोबर हाय तुमचं, मीबी लेव्हल लावून चेक केलं." अश्विननं मान खाली घातली. "पन मोरी रस्त्यासंगं येते, आन् रस्ता आपला नाई. दुसऱ्या खात्याचा हाय. ती खोल केल्याशिवाय आपली नाली खोल करून फायदा नाई. त्याईले पत्र देल्लं हाय."

"कधी?"

"मी नोकरीले लागाच्या आधी."

त्यानंतरच्या सोमवारी कडुनिंबाच्या बुंध्यावर नोटीस चिकटली. ज्योत्स्नानं ती कॉलेजातून आल्या आल्या, स्कूटी स्टँडवर न लावता वाचली. झाड क्रमांक १७, कडुनिंब. घेर अमुक. तोडण्याचे कारण: मुळे नालीत, होय. अर्जदार: शिवार्पण लेआउट रहिवासी संघ. कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.

क्रमांक तिनं दिलेला होता. घेर तिनं टेप लावून घेतला होता. 'मुळे नालीत' हा रकाना तिनंच तयार केला होता, म्हणजे पुढच्या वेळी जेसीबीवाल्यानं जपून हात घालावा. आणि 'होय' तिच्याच हातचं होतं. अशा आठ नोटिसा लेआउटभर लागल्या होत्या. जिथं जिथं तिनं प्रामाणिकपणे होय लिहिलं होतं, तिथं तिथं.

माणिकबाईंना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "काय लावलं व? मतदान हाय का?"

"नाही आई. झाड तोडणार म्हणतात."

"कोन म्हनते?"

ज्योत्स्नानं नोटिशीतली 'अर्जदार' ही ओळ पुन्हा वाचली. कागदाप्रमाणे ती स्वतःच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी ती हरकत घेऊन गेली. डोमाजींनी ती वाचली, म्हणजे विषय आणि शेवटची ओळ, आणि तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा गालात सरकवला.

"ताई, अर्जदारालेच हरकत घेता येत नाई."

"मग अर्ज मागे घेते."

"अर्ज संघाचा. संघाचा ठराव आना. तोवर साहेब काही नाई म्हनत."

संघाची सभा ओपन स्पेसमध्ये, म्हणजे कचरा टाकतात त्या जागेला लागून भरली. मोजणीला कधी न आलेली माणसंसुद्धा आली. ज्योत्स्नानं समजावलं की चूक झाली, नकाशा झाडं वाचवायला होता, झाडं गेली तरी पाणी जाणार नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग हळूहळू बाहेर आलं की प्रत्येकाला आपल्या दारातलं झाड गेलेलं हवं होतं, कारण पाला, कावळे आणि मुंग्या. आणि शेजाऱ्याच्या दारातलं राहिलेलं हवं होतं, कारण तिथं आपली कार सावलीत उभी करता येते. असा ठराव लिहिता येईना. तेव्हा एक जण म्हणाला, "आता आलं काम तं येऊ द्या ना बापा. काँक्रीट नाली फुकट भेटून राह्यली." टाळ्या वाजल्या.

"काका, तुम्ही तरी बोला," ज्योत्स्ना म्हणाली.

"अध्यक्ष तटस्थ असते, मॅडम," किसनराव म्हणाले आणि तटस्थपणे बुटाकडे पाहू लागले.

शेवटी उरल्या माणिकबाई. त्या संघाच्या सभासद नव्हत्या. घर मुलाच्या नावावर आणि मुलगा, श्याम, अकोटला जिनिंगमध्ये, शनिवारी येणारा. म्हणजे नागरिक म्हणून त्यांना हरकत घेता येत होती. त्यांचा अंगठा घेऊन ज्योत्स्नानं ती दिली, आणि सुनावणीची तारीख आली तेव्हा तिला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. माणिकबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. ऑटोत चढायला वेळ लागला. उतरायला त्याहून जास्त.

नगरसेवकांची मुदत केव्हाच संपली होती. सभा, समित्या, वृक्ष प्राधिकरण असं सगळं प्रशासकाच्या एकाच खुर्चीत बसलेलं. खुर्चीतले साहेब पुण्याकडचे, तरुण आणि सभ्य होते. त्यांनी माणिकबाईंना आधी बसवलं, पाणी दिलं. इतका आदर पाहून ज्योत्स्नाचा धीर खचला.

तिनं उताराचं सगळं सांगितलं. साहेबांनी अश्विनकडे पाहिलं. अश्विन म्हणाला, "सर, मॅडमचं बरोबर हाय. पाणी नवीन नालीतबी तसंच थांबन."

"मग काम कशाला करायचं?" ज्योत्स्ना म्हणाली.

"मंजुरी आली आहे, मॅडम. काम केलं नाही तर निधी परत जातो," साहेब समजुतीनं म्हणाले. "आणि मुळं नालीत आहेत, हे तर तुमच्याच नोंदीत आहे. इतकी व्यवस्थित नोंद मी दुसऱ्या कुठल्या प्रकरणात पाहिली नाही." मग ते वाकून माणिकबाईंकडे वळले. "आजी, तुमची हरकत काय आहे?"

माणिकबाईंनी खोलीभर पाहिलं. एसी चालू होता, पडदे ओढलेले होते.

"मी तथी बसतो," त्या म्हणाल्या.

"बरं. आणखी काही?"

"आनखी काय राह्यते, बापा?"

साहेबांनी ते लिहून घेतलं. निर्णयात आलं की हरकत भावनिक स्वरूपाची असल्यानं ती फेटाळण्यात येत आहे. मात्र झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याच्या अटीवर परवानगी देण्यात येत आहे. शहरात जागा नसल्यानं ती बायपासच्या पलीकडे, पडीक वर्गाच्या जमिनीत लावायची होती. झाडाचं वय घेरावरून काढण्यात आलं होतं. घेर अर्थातच अचूक होता.

झाड एका सकाळीत गेलं. तोडणाऱ्यांनी फांद्या आधी, मग खोड, असं रीतसर केलं. इंदूबाईची हातगाडी त्या दिवशी येऊन थांबली, तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "आजी, ऊन लय लागते अथी. पालकाची माती होते." माणिकबाई म्हणाल्या, "जाय माय." मग ती मागच्या गल्लीतून जाऊ लागली, तिथं शेवग्याची जराशी सावली होती. चष्मेवाला तर कुठल्या गल्लीत गेला ते कळलंच नाही. माणिकबाई दोन दिवस खुर्ची घेऊन बसल्या, तिसऱ्या दिवशी खुर्ची आत आली. भात ताटात राहायला लागला.

नाली चांगली झाली. काँक्रीट, वरून झाकण, झाकणावर वर्षाचा आकडा. पाऊस लागल्यावर पाणी पूर्वीसारखंच फाटकासमोर आलं. फरक इतकाच की झाकणामुळे आता ते येताना दिसत नव्हतं, आल्यावरच दिसायचं.

दिवाळीच्या सुमारास अशी माणसं येऊ लागली ज्यांना ज्योत्स्ना ओळखत नव्हती. आधी बाजूच्या लेआउटमधले एक डॉक्टर आले. मग दोघं सख्खे भाऊ, त्यांच्या दुकानाची पाटी चिंचेमागे झाकली जात होती. मग एक बाई, तिच्या अंगणात शेजाऱ्याच्या बाजूनं वड झुकला होता. सगळ्यांनी ऐकलं होतं की शिवार्पणमधल्या मॅडमनं टेप लावली की काम होतं. आठ वर्षं अर्ज करून जे हललं नाही ते त्यांनी मोजलं आणि दोन महिन्यांत झालं. नगरपरिषदेतच कोणीतरी हा पत्ता दिला होता.

"मी तोडण्यासाठी मोजत नाही," ज्योत्स्ना दारातच सांगायची. "मी मोजतच नाही आता."

"तसं नका करू मॅडम. एक रविवार. आमी चहा-नाश्ता सगळं पाहून घेतो."

त्या दिवशी पाटीवाले भाऊ दुसऱ्यांदा आले होते. सोबत टेपही आणली होती, नवीन, पिवळी. ज्योत्स्नानं दार अर्धं लावून घेतलं आणि नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून माणिकबाईंचा आवाज आला.

"कोन हाय व?"

"कोणी नाही, आई. चिंच मोजा म्हणायला आलेत."

आत खाटेची कुरकुर झाली, पाय खाली सोडल्याची.

"कोन्या गावचे हाय, इचार. आन् उभं नको ठेवू त्याईले दारात," माणिकबाई म्हणाल्या. "आत बसव. बोलतीन तं कोनासंगं तरी."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चपला काढल्या. ज्योत्स्ना क्षणभर दार धरून उभी राहिली. मग तिनं ते उघडलं आणि आतून दोन खुर्च्या आणून सासूच्या खाटेजवळ मांडल्या.

"चिंच केवढी हाय रे तुमची?" माणिकबाईंनी विचारलं. लुगड्याचा पदर त्यांनी नीट केला होता. "आन् चिंचेचं बुटूक काय भावानं इकता?"